रिव्ह्यूचा सर्च आणि निकष: ओळखीचा एक अभ्यास हातात घेऊन तपासा

प्रश्न: आमच्या जर्नल क्लबमध्ये नैराश्यावरचा एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आहे. निष्कर्ष असा, की तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या उपचारांचा पुरावा अपुरा आहे. प्रिझ्मा आकृती, दोन परीक्षक, सगळं व्यवस्थित दिसतं. सर्चमध्ये किंवा निकषांत काही बायस लपला असेल तर तो पकडायचा कसा? सर्च खाली देते.

```
depress*[tiab]
AND (counselor*[tiab]
  OR "lay health worker*"[tiab]
  OR "community health worker*"[tiab])
AND randomized[tiab]
```

उत्तर:

प्रिझ्मा आकृती बाजूला ठेवा. जे सापडलं त्याचं पुढे काय झालं एवढंच ती सांगते. जे सापडलंच नाही त्याचा तिच्यात मागमूस नसतो. त्यासाठी एक अभ्यास घ्या जो तुम्हाला नीट माहीत आहे आणि या रिव्ह्यूत असायलाच हवा होता. तो हातात धरून रिव्ह्यूच्या एकेका दारातून न्या आणि कुठे अडतो ते बघा.

आपल्याला तो शोधायला लांब जायला नको. गोव्यातल्याच 'संगाथ' संस्थेने इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राम'ची चाचणी केली. ती २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आली. १८ ते ६५ वयाचे ४९५ रुग्ण होते आणि उपचार देणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले सामान्य समुपदेशक होते. तीन महिन्यांनी उपचार गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्या गटात ३९ टक्के. तुमच्या रिव्ह्यूचा प्रश्न नेमका हाच आहे, त्यामुळे हा अभ्यास त्यात नसेल तर कारण सापडलंच पाहिजे.

पहिलं दार सर्चचं. तुम्ही दिलेला सर्च पबमेडमध्ये टाका आणि शेवटी हे जोडा:

```
AND "Healthy Activity Program"[ti]
```

मुख्य शोधनिबंध येत नाही. आता `AND` ने जोडलेली प्रत्येक अट एकेकटी घेऊन या शेवटच्या ओळीबरोबर चालवा. तुम्हाला दिसेल की अडथळे दोन आहेत आणि दोन्ही स्पेलिंगचे. लॅन्सेट ब्रिटिश इंग्रजी छापतं, त्यामुळे शीर्षकात आहे `counsellor`, दोन एल असलेला, आणि `counselor*` त्याला पकडत नाही. तसंच `randomised` मध्ये एस आहे, सर्चमध्ये झेड. एरवी पबमेड शब्दांचे पर्याय स्वतःहून जोडतं, पण फक्त शीर्षक आणि सारांशात शोधणारं `[tiab]` लावलं की ते बंद होतं आणि तुम्ही लिहिलं तेवढंच शोधलं जातं. दुरुस्ती एवढीशी आहे:

```
depress*[tiab]
AND (counsel*[tiab]
  OR "lay health worker*"[tiab]
  OR "community health worker*"[tiab])
AND random*[tiab]
```

ही नुसती हलगर्जी नव्हे, तिला दिशा आहे. ब्रिटिश स्पेलिंग कोण वापरतं? भारत, दक्षिण आफ्रिका, युगांडा इथले संशोधक आणि ब्रिटनमधली मासिकं. तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांवरचं बरंचसं काम याच देशांत झालंय, कारण मनोविकारतज्ज्ञांची टंचाईही इथलीच. म्हणजे सर्चमधून सगळीकडचे अभ्यास सारख्याच प्रमाणात गळत नाहीत, ज्या भागातून पुरावा यायचा तो भाग जास्त गळतो. माझ्या पहिल्या रिव्ह्यूत मी `anemia` लिहिलं आणि `anaemia` राहिलं. आमच्या मार्गदर्शकांनी भारतीय मासिकांतले निबंध का दिसत नाहीत असं विचारलं तेव्हा लक्षात आलं, आणि सगळं स्क्रीनिंग पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या सर्चमध्ये मी आधी स्पेलिंग बघते आणि मग विषयसंज्ञा. या सर्चमध्ये `[Mesh]` ची एकही ओळ नाही, तीही उणीवच. उलट, फक्त `[Mesh]` वर भिस्त ठेवली तर अजून संज्ञा न लागलेले नवे निबंध सुटतात. दोन्ही `OR` ने जोडलेले हवेत.

एक सावधगिरी ठेवा. एका डेटाबेसात सुटलेला अभ्यास एम्बेसमधून किंवा संदर्भयादी चाळताना सापडू शकतो. म्हणून अंतिम यादीत तो आहे का, हे बघितल्याशिवाय सर्चला दोषी ठरवू नका.

दुसरं दार निकषांचं, आणि खरा बायस बहुधा इथे लपतो. निकष वाचताना 'हा योग्य आहे का' असं विचारलं तर प्रत्येक निकष योग्यच वाटतो. विचारायचं ते हे, की यामुळे बाहेर कोण पडतं. समजा निकष आहे, 'नैराश्याचं निदान तज्ज्ञाने डीएसएमनुसार मुलाखत घेऊन केलेलं असावं.' ऐकायला काटेकोर. पण गोव्याच्या चाचणीत रुग्ण घेतले ते पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत १४ पेक्षा जास्त गुण मिळाले म्हणून. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येकाची मुलाखत घ्यायला मनोविकारतज्ज्ञ आणायचा कुठून? तो नाही म्हणून तर समुपदेशकांची कल्पना निघाली! प्रश्न 'तज्ज्ञाविना उपचार चालतात का' आणि निकष 'तज्ज्ञाचं निदान हवं', म्हणजे प्रश्नाचं उत्तर देणारे अभ्यास निकषानेच बाहेर काढले, आणि मग पुरावा अपुरा म्हटलं. प्रश्नावलीने निवडलेल्या रुग्णांचं निदान ढोबळ असतं हा आक्षेप खरा आहे, पण त्याची जागा वेगळ्या विश्लेषणात. दोन्ही प्रकारचे अभ्यास घ्यावेत, निकाल वेगवेगळे दाखवावेत, आणि वाचकाला फरक दिसू द्यावा.

आणखी एक निकष बारकाईने शोधा: 'अमुक परिणाम सहा महिन्यांनी किंवा त्यानंतर नोंदवलेले अभ्यासच घेतले.' परिणामाची नोंद ही प्रवेशाची अट करणं मला सर्वांत घातक वाटतं. संशोधकांनी एखादा परिणाम मोजला, निकाल नकारात्मक आला आणि तो छापलाच नाही, तर तो अभ्यास 'नोंद नाही' म्हणून बाहेर जातो. म्हणजे मूळ लेखकांनी जे झाकलं ते रिव्ह्यूनेही झाकलं. आपल्या उदाहरणात दुसराच घोळ होतो. मुख्य निबंधात तीन महिन्यांचे निकाल आहेत आणि बारा महिन्यांचे वेगळ्या निबंधात आले, तेही 'Programme' या स्पेलिंगने. दोन्ही निबंध एकाच चाचणीचे आहेत हे ज्याला कळलं नाही तो पहिला बाद करील आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचणारच नाही.

न छापलेल्या चाचण्यांचं थोडक्यात सांगते. रिव्ह्यूने सीटीआरआय ही भारतातली चाचण्यांची नोंदणी आणि इतर नोंदण्या शोधल्या का, ते बघा. २००८ मध्ये एरिक टर्नर यांनी अमेरिकी एफडीएकडे नोंदलेल्या नैराश्याच्या औषधांच्या ७४ चाचण्या तपासल्या. सकारात्मक ठरलेल्या ३८ पैकी ३७ छापून आल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नव्हत्या. फक्त छापील निबंध शोधणारा सर्च कितीही निर्दोष असला तरी असा ढीग त्याच्या हाती लागत नाही. लक्षात घ्या, या बायसची दिशा उलटी आहे, तो परिणाम फुगवतो. तुमच्या रिव्ह्यूत दोन्ही बायस एकाच वेळी असू शकतात, तेव्हा प्रत्येकाची दिशा वेगळी लिहा.

क्लबच्या आधी दोन गोष्टी मिळवा. पहिली, प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या नोंदणीवरचा प्रोटोकॉल, त्याच्या जुन्या आवृत्त्यांसह. डीएसएमसारखी अट पहिल्या आवृत्तीत नसेल आणि सर्च झाल्यानंतरच्या तारखेला घुसली असेल, तर ती निबंध बघून घातली गेल्याची शंका रास्त आहे. लेखकांनी बदलाचं कारण दिलं असेल तर तेही वाचा. दुसरी, पूर्ण निबंध वाचून वगळलेल्या अभ्यासांची यादी, कारणांसकट. पुरवणीत नसेल तर लेखकांना मेल करून मागा. गोव्याचा अभ्यास त्या यादीत असेल तर तो निकषाच्या दारात अडला आणि कारणही तिथेच लिहिलेलं सापडेल. यादीत नाही आणि अंतिम अभ्यासांतही नाही, तर तो सर्चमध्ये किंवा शीर्षक चाळतानाच गळला. मग तसे आणखी किती गळले हे बघायला दुरुस्त सर्च रिव्ह्यूच्याच शेवटच्या तारखेपर्यंत चालवा आणि जास्तीचे निबंध क्लबमध्ये वाटून घ्या.