छपाईआधी शेवटची वेलांटी तपास

इंदूरला आपली मुलं दिवसभर हिंदी वाचतात, म्हणून वार्तापत्रात शक्ति, कवि, वस्तु असं हमखास येतं. हिंदीत ते बरोबरच आहे. मराठीत मात्र शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: शक्ती, कवी, वस्तू. पण सगळीकडे एकदम ‘बदला’ करू नकोस! मुळात ऱ्हस्व शेवट असलेला संस्कृत शब्द समासात आधी आला की तो ऱ्हस्वच राहतो: कविसंमेलन, बुद्धिबळ, वस्तुस्थिती. विभक्तीचा प्रत्यय लागला तर दीर्घच: शक्तीने, वस्तूंचा. आणि, परंतु, तथापि यांनाही हात लावायचा नाही.

समज, मजकुरात ‘कवि आणी पाहुणे स्मृतीदिनाला आले’ असं आहे. दुरुस्ती: ‘कवी आणि पाहुणे स्मृतिदिनाला आले’. शीर्षकं आणि फोटोंखालच्या ओळी कागदावर काढूनच वाच. चुका तिथेच जास्त सुटतात.