पाऊस पडण्याआधीच जिंकलेला बेट रद्द कसा होईल?

प्रश्न : मी लेस्टरला एमएस्सी करतो, सध्या सुट्टीत जुळे सोलापूरला घरी आलोय. लेस्टरला असताना तिथल्या परवानाधारक साइटवर एका टी-२० काउंटी मॅचवर ६० पौंड लावले होते : मॅचमध्ये एकूण सिक्सर ७.५ पेक्षा जास्त, भाव २.२५. पहिल्या डावात ६ सिक्सर झाले. दुसऱ्या डावात ८.२ षटकांत आठवा बसला. ९.४ ला पाऊस आला आणि डाव १४ षटकांचा केला. साइटने बेट ‘व्हॉइड’ करून ६० पौंड परत दिले. चॅटवर म्हणतात, षटकं कमी झाली की बेट रद्द, ट्रेडरचा निर्णय अंतिम. त्यांच्याच नियमात पुढचं वाक्य आहे : ‘मात्र षटकं कमी होण्याआधीच निकाल ठरला असेल तर बेट कायम राहील.’ बाबा म्हणतात, जुगाराच्या पैशासाठी कोर्टकचेरी कसली! मित्र म्हणतात, सोलापूरच्या वकिलाकडून नोटीस पाठव. काय करू?

उत्तर : नोटिशीचा खर्च वाचवा. तुमच्या बाबांचं म्हणणं भारतापुरतं बरोबर आहे. आपल्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. घोड्यांच्या शर्यतीच्या बक्षिसांना असलेला छोटा अपवाद सोडला, तर सोलापूरच्या दिवाणी कोर्टात हा दावा टिकायचा नाही. पण तुमची पैज लागली इंग्लंडमध्ये, तिथल्या कंपनीशी, तिथल्या कायद्याखाली. १८४५ पासून तिथेही पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नव्हते. २००५ च्या गॅम्बलिंग अ‍ॅक्टच्या कलम ३३५ ने ते बदललं आणि १ सप्टेंबर २००७ पासून असा करार इतर करारांसारखाच अंमलात आणता येतो. म्हणजे तुमच्याकडे हक्काचं येणं आहे. ते मागायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो.

सगळं प्रकरण एका क्षणावर उभं आहे, ते म्हणजे आठवा सिक्सर. तो बसला आणि ‘७.५ पेक्षा जास्त’ हे कायमचं खरं ठरलं. पुढे एकही चेंडू पडला नसता तरी ते बदललं नसतं. पाऊस आला तेव्हा आकडा ७ वर असता, तर कंपनीचं बरोबर होतं आणि मी तुम्हाला गप्प बसा म्हणालो असतो. म्हणून पुरावा गोळा करायचा तो चेंडूनिहाय नोंदीचा. त्यात ८.२ चा सिक्सर आणि त्यानंतरचा खेळ थांबल्याचा उल्लेख, दोन्ही एकाच पानावर दिसले पाहिजेत. नियमांत अधिकृत स्कोअरकार्ड कुठलं धरायचं ते लिहिलेलं असतं. तेच वापरा, टीव्हीच्या पट्टीचा फोटो नको.

दुसरी जपायची गोष्ट नियमांचं पान. कंपन्या नियम बदलत असतात, आणि लागू होतो तो बेट लावला त्या वेळचा. आजच पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा. मागची आवृत्ती web.archive.org वर सापडते का तेही बघा. स्लिपचाही तसाच घ्या, मार्केटचं पूर्ण नाव दिसेल असा. काही साइटवर ‘मॅचमधले सिक्सर’ आणि ‘संघाचे सिक्सर’ ही वेगळी मार्केट असतात, नियमही वेगळे असतात. पत्रात भलत्याच मार्केटचा नियम लिहिला, तर उत्तर एका ओळीत येतं आणि ते बरोबरही असतं.

आता रक्कम. बरेच जण इथे घसरतात. ६० गुणिले २.२५ म्हणजे १३५. पण ६० तुम्हाला मिळालेले आहेत, तेव्हा मागणी ७५ पौंडांची करा. १३५ मागितलेत तर कंपनी त्याच चुकीवर बोट ठेवून बाकी पत्र टाळेल.

चॅटवरची बाचाबाची ही तक्रार धरली जाईलच असं नाही. साइटवर तक्रारीसाठी दिलेल्या पत्त्यावर ईमेल करा आणि विषयातच ‘औपचारिक तक्रार’ लिहा. पत्र इंग्रजीत जाईल. मसुदा साधारण असा :

‘ही माझी औपचारिक तक्रार आहे. बेट क्रमांक ……, लावल्याची तारीख व वेळ ……, सामना ……, मार्केट : सामन्यातील एकूण सिक्सर, निवड : ७.५ पेक्षा जास्त, भाव २.२५, रक्कम ६० पौंड. आपण हा बेट व्हॉइड करून ६० पौंड परत केले. आपल्या क्रिकेट नियमांतील …… या कलमानुसार, षटकं कमी होण्याआधीच निकाल ठरला असेल तर बेट कायम राहतो. आठवा सिक्सर दुसऱ्या डावातील ८.२ षटकांत बसला, खेळ ९.४ षटकांनंतर थांबला व षटकं त्यानंतर कमी झाली. चेंडूनिहाय नोंद, स्लिप व नियमांची प्रत जोडली आहे. कृपया बेट विजयी म्हणून सेटल करून फरकाचे ७५ पौंड जमा करावेत. हे अमान्य असल्यास आधार घेतलेलं नेमकं कलम कळवावं आणि आपलं अंतिम उत्तर देऊन आपल्या वाद-निवारण संस्थेचं नाव द्यावं.’

एवढंच. ‘फसवणूक’, ‘पोलिसात जाईन’ वगैरे शब्द नकोत. त्याने उत्तर एका पायरीने वर सरकत नाही.

‘ट्रेडरचा निर्णय अंतिम’ या वाक्याने घाबरू नका. नियमाचे दोन अर्थ निघत असतील, तर ग्राहकाच्या बाजूचा अर्थ धरायचा, असं ब्रिटनच्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ चं कलम ६९ सांगतं. तुमच्या बाबतीत दुसरा अर्थ काढायलाही जागा दिसत नाही. त्यांनी नियमाचं पहिलं वाक्य वाचून दुसरं सोडलंय. २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तर, अटींमागे लपून १७ लाख पौंड अडवणाऱ्या एका कंपनीला ते पैसे द्यायला लावले होते. भाव लिहिण्यात ढोबळ चूक झाली होती, हा त्यांचा नेहमीचा बचावही २.२५ सारख्या साध्या भावाला चिकटणार नाही.

तक्रार पोचल्यावर कंपनीकडे ८ आठवडे असतात. त्याआधी अंतिम नकार आला, किंवा ८ आठवडे तसेच गेले, तर कंपनीने नेमलेल्या स्वतंत्र संस्थेकडे जा. बऱ्याच कंपन्यांसाठी ती आयबास असते. ग्राहकाला फी नाही आणि सगळं ऑनलाइन होतं, म्हणून सोलापुरातूनही चालेल. तिथे तुमचं हेच पत्र आणि हेच पुरावे जातात, म्हणून पहिलं पत्र नीट लिहायचं. तिथला गॅम्बलिंग कमिशन एकेकट्या ग्राहकाच्या बेटचा निवाडा करत नाही. तिकडे अर्ज करण्यात वेळ दवडू नका. आयबासनंतरही मन भरलं नाही, तर इंग्लंडच्या स्मॉल क्लेम्स कोर्टाची वाट आहे, पण ७५ पौंडांसाठी मी तरी तिथवर जाणार नाही.

एक काळजी घ्या. इथे असेपर्यंत त्या खात्यातून नवा बेट लावू नका, व्हीपीएन लावून तर मुळीच नाही. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आहे, आणि बंदी असलेल्या देशातून खातं वापरल्याचं कारण कंपनीलाही आयतं मिळेल. पत्रव्यवहार ईमेलनेच करा. पैसे आले की ते तुमच्या ब्रिटनमधल्या खात्यातच येऊ द्या, बाबांच्या इथल्या खात्याचा नंबर देऊ नका.