आधी-नंतरची तुलना : बदललेले रुग्ण कसे वाचायचे?

प्रश्न : गुडघ्याच्या संधिवाताचे ४० रुग्ण घेतले. रात्री दुखण्यामुळे झोपमोड होते का, हे व्यायाम सुरू करण्याआधी आणि सहा आठवड्यांनी विचारलं. आधी २६ जण ‘हो’ म्हणाले, नंतर १७. काय-स्क्वेअर चाचणी लावली, पी-मूल्य ०.०४४ आलं. आता गाइड म्हणतात, ही चाचणी चालणार नाही, मॅकनेमार लाव. उत्तर तर दोन्हीकडे ‘सिग्निफिकंट’च येणार ना? — पदव्युत्तर निवासी, सोलापूर

तुमच्या गाइडांचं बरोबर आहे. साध्या काय-स्क्वेअरला तुम्ही ‘आधी’चे ४० आणि ‘नंतर’चे ४० असे दोन गट दिलेत, म्हणजे तिच्या हिशेबात ही ८० वेगवेगळी माणसं झाली. प्रत्यक्षात माणसं ४०च आहेत आणि प्रत्येकाचं नंतरचं उत्तर त्याच्या आधीच्या उत्तराशी बांधलेलं आहे. हे बांधलेपण चाचणीच्या नजरेआड गेलं की पी-मूल्य कधी फुगतं, कधी आकसतं. या वेळी दोन्ही आकडे ०.०५च्या खाली आले, हा निव्वळ योगायोग.

त्याहून मोठी अडचण अशी की २६ आणि १७ या दोन आकड्यांवरून नेमकं काय घडलं ते कळतच नाही. झोपमोड होणारे नऊने कमी झाले, पण कसे? नऊ जण सुधारले आणि एकही बिघडला नाही, असं असू शकतं. वीस सुधारले आणि अकरा बिघडले, असंही असू शकतं. दोन्हीकडे बेरीज २६ आणि १७च येते. पहिल्या चित्रात पी-मूल्य ०.००४ येतं, दुसऱ्यात सुमारे ०.१५. म्हणून आधी प्रत्येक रुग्णाची जोडी लावा. तुम्ही पाठवलेल्या यादीतून निघणारा तक्ता असा :

| | नंतर झोपमोड आहे | नंतर नाही | एकूण |
|---|---|---|---|
| आधी झोपमोड आहे | १४ | १२ | २६ |
| आधी नाही | ३ | ११ | १४ |
| एकूण | १७ | २३ | ४० |

क्विन मॅकनेमार या मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली मांडलेली चाचणी या तक्त्यातले दोनच चौकोन बघते : १२ आणि ३. या झाल्या विसंगत जोड्या, म्हणजे ज्यांचं उत्तर बदललं ते १५ रुग्ण. चाचणीचं गृहीतक असं की एकूण प्रमाणात खरा बदल झालेलाच नाही. तसं असेल तर बदललेला रुग्ण सुधारण्याकडे जाण्याची शक्यता जेवढी, तेवढीच बिघडण्याकडे जाण्याची. नाणं १५ वेळा उडवलं तर एखादी बाजू तीनदा किंवा त्याहून कमी वेळा पडण्याची शक्यता किती, एवढाच हिशेब करायचा. तो येतो ०.०३५. तुमचं पी-मूल्य हे.

प्रश्न : आमच्याकडे एसपीएसएस आणि आर दोन्ही वापरतात. एकाच तक्त्यावर दोघांची पी-मूल्यं वेगळी येतात. एसपीएसएसमध्ये तर एकाच चौकटीत दोन-तीन आकडे दिसतात. कुठला लिहायचा? — फिजिओथेरपी विभाग, नागपूर

वरचाच तक्ता घेऊन बघू, म्हणजे गोंधळ कुठे होतो ते दिसेल. एसपीएसएसमध्ये क्रॉसटॅबच्या यादीत काय-स्क्वेअर आणि मॅकनेमार या दोन्ही खुणा केल्या असतील तर एकाच चौकटीत `Pearson Chi-Square` आणि `McNemar Test` अशा दोन ओळी येतात. या तक्त्यावर पहिली ०.०४८ देते, दुसरी ०.०३५. घाईत पहिलीच ओळ उचलली जाते, कारण ती वर असते. पण तिचा प्रश्नच निराळा आहे. ज्यांना आधी त्रास होता त्यांनाच नंतरही जास्त प्रमाणात राहिला का, एवढंच ती तपासते. तेच रुग्ण दोनदा विचारले तर असा संबंध बहुतेकदा असतोच. त्यावरून प्रमाण घटलं की वाढलं, याचा पत्ता लागत नाही.

आता एसपीएसएस आणि आर यांतला फरक. आर असं चालवतात :

```r
t <- matrix(c(14, 3, 12, 11), nrow = 2)
mcnemar.test(t)
binom.test(3, 15)
```

`mcnemar.test` कंटिन्युइटी करेक्शनसह काय-स्क्वेअरचं सूत्र वापरतं : `(|12 - 3| - 1)^2 / (12 + 3)`, म्हणजे ४.२७, आणि पी-मूल्य ०.०३९. `correct = FALSE` दिलं तर काय-स्क्वेअर ५.४ आणि पी-मूल्य ०.०२०. `binom.test` मात्र नेमका द्विपदी हिशेब करतं आणि एसपीएसएसशी जुळणारा ०.०३५ देतं. एसपीएसएसने द्विपदी पद्धत वापरली की चौकटीखाली `Binomial distribution used` अशी टीप येते. तीही वाचत जा.

विसंगत जोड्या पंचविसाच्या आत असतील तर द्विपदी उत्तर द्यावं, ही रूढ पद्धत आहे. छोट्या अभ्यासात बहुतेक वेळा तीच लागू पडते. इथे मोजायची संख्या १५ आहे, ४० नव्हे. रुग्ण शंभर असले तरी बदललेले दहाच असतील तर तुमचा नमुना या चाचणीपुरता दहाचाच. आणि कुठली पद्धत वापरणार, ते आकडे बघण्याआधी ठरवून प्रोटोकॉलमध्ये लिहा. तीन पी-मूल्यं काढून सगळ्यांत देखणं निवडणं चुकीचंच आहे.

प्रश्न : तक्त्यात १२ सुधारले, ३ बिघडले. मी ‘१५ पैकी १२, म्हणजे ८० टक्के रुग्णांत सुधारणा’ असं लिहिलं. सहलेखक म्हणतात ‘३० टक्के’ लिहा. दोघांत बरोबर कोण? — संशोधन सहायक, पुणे

दोन्ही आकडे गणितात बरोबर आहेत आणि वाचकाला दोन्ही चुकीच्या वाटेने नेतात.

८० टक्क्यांचा छेद १५ आहे, म्हणजे फक्त बदललेले रुग्ण. ज्या १४ जणांची झोपमोड सहा आठवड्यांनंतरही तशीच राहिली, ते या टक्क्यातून गायब होतात. डॉक्टरांना तर आधी त्यांच्याबद्दलच विचारायचं असतं. ३० टक्क्यांत सगळे ४० येतात, पण जे ३ बिघडले त्यांची वजाबाकी राहते. शिवाय त्या ४०मध्ये ११ जण असे आहेत की ज्यांना त्रास आधीही नव्हता, नंतरही नाही. त्यांना सुधारायला जागाच नव्हती.

मी आधी निव्वळ फरक देईन : ६५ टक्क्यांवरून ४२.५ टक्के, म्हणजे २२.५ टक्के-बिंदूंची घट. १२मधून ३ वजा करून ४०ने भागलं की हाच आकडा येतो. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढायला प्रमाणित त्रुटी लागते, ती `sqrt(b + c - (b - c)^2/n) / n`; इथे b म्हणजे १२, c म्हणजे ३ आणि n म्हणजे ४०. आपल्या आकड्यांत ती ०.०९० येते आणि अंतर साधारण ५ ते ४० बिंदूंचं होतं. नमुना छोटा असल्याने हे सूत्र थोडं ढोबळ ठरतं. चारही चौकोनांत अर्धा-अर्धा मिळवून तोच हिशेब केला तर ४ ते ३९ येतं. निष्कर्ष बदलत नाही, पण पट्टा केवढा रुंद आहे ते पाहा. घट पाच बिंदूंची असेल तर रुग्णाला ती क्वचितच जाणवेल. चाळीसची असेल तर उपचाराची दिशाच बदलेल. ‘पी ०.०५पेक्षा कमी’ एवढंच लिहिलं तर ही सगळी अनिश्चितता झाकली जाते.

पी-मूल्य आणि परिणामाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी का, हे याच आकड्यांत दिसतं. समजा, रुग्ण ४० नसून ४०० असते आणि बदललेले मात्र तेच १२ आणि ३. पी-मूल्य तसंच, ०.०३५ राहिलं असतं. घट मात्र सव्वादोन बिंदूंवर आली असती. जैसे थे राहिलेले रुग्ण चाचणीत येत नाहीत, पण फरकाच्या छेदात येतात. म्हणून चारही चौकोन छापा.

काही जण १२ला ३ने भागून ऑड्स रेशो ४ देतात. देऊ शकता, पण त्याचा नेमका इंटरव्हल १.१ ते २२ इतका पसरतो आणि ‘चारपट’ हा शब्द वाचकाच्या मनात उगाच मोठा होऊन बसतो. मी असं लिहिलं असतं :

“४० रुग्णांपैकी आधी २६ (६५%) आणि सहा आठवड्यांनी १७ (४२.५%) जणांना रात्रीच्या दुखण्याने झोपमोड होत होती. १२ रुग्णांची झोपमोड थांबली, ३ जणांची नव्याने सुरू झाली. १४ जणांचा त्रास कायम राहिला, ११ जणांना तो दोन्ही वेळा नव्हता. घट २२.५ टक्के-बिंदू (९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल ५ ते ४०; मॅकनेमार, द्विपदी पद्धत, पी = ०.०३५).”

फॉलो-अपला न आलेल्यांची संख्याही याच्याच शेजारी हवी. जोडी अपुरी राहिली की चाचणी तो रुग्ण गुपचूप वगळते. न आलेले जर जास्त दुखणारे असतील तर घट खोटी मोठी दिसते. आणि या सगळ्यात कुठेही ‘व्यायामामुळे’ असं लिहू नका. तुलनेला दुसरा गट नाही आणि माणूस बहुधा त्रास शिगेला पोचल्यावरच ओपीडीत येतो. तो त्रास काही प्रमाणात आपोआपही उतरतो.

प्रश्न : आमच्या अभ्यासात प्रवेशाची अटच ‘लक्षण असलेले रुग्ण’ ही होती. २८ जण घेतले, उपचारानंतर १९ जणांचं लक्षण गेलं, ९ जणांचं राहिलं. मॅकनेमारने पी ०.००१पेक्षा कमी दिलं. परीक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली. का? — पदव्युत्तर विद्यार्थी, आयुर्वेद महाविद्यालय, नाशिक

कारण तुमच्या तक्त्यात बिघडायला कुणीच नव्हतं. सगळ्यांना लक्षण आधीपासून होतं, त्यामुळे ‘नाही’वरून ‘हो’कडे जाणारा चौकोन शून्यच राहणार. उपचार कितीही निरुपयोगी असला तरी. चाचणी मात्र धरून चालते की दोन्ही दिशांना जाण्याची वाट मोकळी आहे. १९ विरुद्ध ० पाहून ती चकित होते, पण ते शून्य तुमच्या अटीने तयार झालेलं आहे. उपचाराशी त्याचा संबंध नाही.

इथे चाचणी सोडून द्या आणि प्रमाण सांगा : २८पैकी १९, म्हणजे ६८ टक्के, विल्सन पद्धतीने ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ४९ ते ८२. उपचाराशिवाय किती जणांचं लक्षण आपोआप जातं, हे तुलनेच्या गटाशिवाय ठरणार नाही.

प्रश्न : आमच्या १८ रुग्णांपैकी ५ सुधारले, एकही बिघडला नाही, तरी पी-मूल्य ०.०६२५. इतकं एकतर्फी असून चाचणी नापास का करते? — दंतवैद्यक, कोल्हापूर

पाच विसंगत जोड्यांवर याहून खालचं दुहेरी पी-मूल्य येऊच शकत नाही. सगळ्या एकाच बाजूला पडण्याची शक्यता ३२त एक, दोन्ही बाजू धरून ३२त दोन. सहा जोड्या असत्या आणि सगळ्या सुधारणेकडे असत्या, तर ०.०३१ आलं असतं. म्हणजे सहापेक्षा कमी रुग्ण बदलले की ०.०५ची पातळी गाठणं अशक्य, मग एकूण रुग्ण कितीही असोत. ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहू नका. ५ विरुद्ध ०, एकूण १८, हे आकडे द्या. पुढच्या अभ्यासात किती रुग्ण लागतील ते काढताना, बदलणारे किती टक्के असतील हा अंदाज आधी धरा. इथे तो १८त ५, म्हणजे सुमारे २८ टक्के आहे.