'देरेचोस पागादोस' : हक्क कुणाचे, पैसे कुणाचे?

प्रश्न : चिलीतल्या खरेदीदाराने सुती टॉवेलांच्या ऑर्डरचा स्पॅनिश मसुदा पाठवलाय. किमतीच्या ओळीत 'एन्त्रेगादा देरेचोस पागादोस, सान्तियागो' आहे आणि खाली 'देस्पाचो पोर क्वेन्ता देल वेन्देदोर'. शब्दकोशात देरेचोस म्हणजे हक्क. हक्क दिले म्हणजे काय? आणि माल आम्हीच पाठवणार, म्हणजे देस्पाचो आमच्याकडे असणं बरोबरच ना? सही करू का?

उत्तर : आत्ता करू नका. या दोन ओळींचा एकत्रित अर्थ असा, की चिलीच्या कस्टम्समधून माल सोडवायचा तुम्ही आणि तिथली आयात ड्यूटीही भरायची तुम्हीच.

शब्दकोश चुकीचा नाही. 'देरेचो' म्हणजे हक्क हे खरंच. त्याचाच अर्थ कायदा असाही होतो आणि रस्ता विचारला तर 'सरळ' असाही. पण जकातीच्या कागदावर अनेकवचनी 'देरेचोस' आलं की ते पैसे असतात. राज्याला जे घ्यायचा हक्क आहे ते. आपल्याकडे हे नवीन वाटायला नको. जुन्या वतनी कागदांत पाटील-देशमुखांचे 'हक्क' हे रयतेकडून मिळणारं धान्य आणि पैसा असायचे, आणि 'हक्क पोचला' याचा अर्थ वसुली झाली असाच होता. इंग्रजीने तोच पैसा देणाऱ्याच्या बाजूने पाहिला आणि त्याला ड्यूटी म्हटलं. स्पॅनिशने घेणाऱ्याच्या बाजूने पाहिला आणि देरेचो म्हटलं. 'ड्यूटी भरली' म्हटल्यावर कर्तव्य भरलं असं आपल्या डोक्यात येत नाही. 'देरेचोस पागादोस'कडेही तसंच पाहा : ड्यूटी भरलेली.

'एन्त्रेगादा' म्हणजे सुपूर्त केलेली. ते स्त्रीलिंगी आहे, कारण मनात धरलेला शब्द 'मेर्कान्सिआ' म्हणजे माल, आणि तो स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. तिन्ही शब्द मिळून इन्कोटर्म्समधल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या अटींमधल्या, डीडीपीचं अधिकृत स्पॅनिश नाव होतं. त्यापुढे जे ठिकाण लिहिलंय तिथपर्यंत सगळा खर्च, सगळी जोखीम आणि आयातीची सगळी कागदपत्रं विक्रेत्याची. तुमच्या मसुद्यात ते ठिकाण बंदर नाही, सान्तियागो शहर आहे. म्हणजे सान आन्तोनियो बंदरात माल उतरल्यावर पुढचा ट्रकही तुमचाच.

आता 'पोर क्वेन्ता दे'. क्वेन्ता म्हणजे हिशेब, खातं. 'पोर क्वेन्ता देल वेन्देदोर' म्हणजे विक्रेत्याच्या खात्यावर. 'देल कोम्प्रादोर' असतं तर खरेदीदाराच्या खात्यावर. बाकी सगळं ओझरतं वाचलं तरी चालेल, पण वेन्देदोर की कोम्प्रादोर हा शब्द बोट ठेवून वाचा. कधी 'आ कार्गो दे' लिहितात, त्याचाही अर्थ तोच. ते 'कार्गो' पाहून माल समजू नका. इथे कार्गो म्हणजे भार, खर्चाचा.

खरा फसवा शब्द 'देस्पाचो'. तुम्ही तो 'डिस्पॅच' असा वाचलात, आणि त्यात तुमची चूक फारशी नाही, कारण चिलीत घरपोच सामान पाठवण्यालाही रोजच्या बोलण्यात देस्पाचोच म्हणतात. शिवाय वकिलाची खोलीसुद्धा देस्पाचो असते. पण व्यापारी कागदावर त्याचा पहिला अर्थ कस्टम्समधून माल सोडवणं हा. पूर्ण लिहिलं तर 'देस्पाचो आद्वानेरो'. मी स्वतः यात एकदा आपटलोय. एका छोट्या निर्यातदाराच्या ऑर्डरचं भाषांतर करताना मी देस्पाचो म्हणजे 'मालाची रवानगी' असं लिहून दिलं. त्याने रवानगी केली आणि काम संपलं असं समजून बसला. तिकडे खरेदीदार वाट बघत होता, की हा कस्टम्स एजंट कधी नेमतो. अकरा दिवस माल गोदामात पडून राहिला, मग 'आल्मासेनाखे' नावाचं बिल आलं. ते साठवणुकीचं भाडं होतं. तेव्हापासून देस्पाचो एकटा दिसला की मी 'कुठला?' असं लिहून परत पाठवतो. 'देस्पाचो दे एक्स्पोर्तासिओन' असेल तर तुमच्या देशातलं, ते बहुतेक अटींत तुमचंच असतं. 'देस्पाचो दे इम्पोर्तासिओन' असेल तर तिकडचं.

सहीने किती पैशांचा फरक पडतो ते आकड्यांत पाहू. समजा टॉवेलांची किंमत जहाजावर चढेपर्यंत 9,000 डॉलर. 'फ्लेते' म्हणजे भाडं 900, 'सेगुरो' म्हणजे विमा 100. बेरीज 10,000, ही सीआयएफ किंमत. चिलीत 'देरेचोस आद बालोरेम' हा सर्वसाधारण दर 6 टक्के आहे आणि तो या सीआयएफ किमतीवर लागतो : 600 डॉलर. तुमच्या देशाचा चिलीशी व्यापार करार असेल आणि मूळ देशाचा दाखला सोबत असेल तर हा आकडा कमी होऊ शकतो किंवा शून्यही. त्यानंतर 'ईवा', म्हणजे तिथला मूल्यवर्धित कर, 19 टक्के. तो 10,000 वर नाही, ड्यूटी धरून 10,600 वर : 2,014 डॉलर. दोन्ही मिळून 2,614, त्यात कस्टम्स एजंटची फी धरलेली नाही. तुमचा नफा हजार-बाराशे डॉलरचा असेल तर तो गेलाच, वर खिशातून घालावे लागतील.

यात बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ईवाची आहे. चिलीतला नोंदणीकृत व्यापारी आयातदार म्हणून ईवा भरतो तेव्हा त्याला त्याची 'क्रेदितो फिस्काल' म्हणून वजावट मिळते. म्हणजे ते 2,014 डॉलर त्याच्या दृष्टीने अडकलेले पैसे असतात, गेलेले नव्हेत. तेच पैसे तुम्ही भरलेत आणि तिथे तुमची नोंदणी नसेल, तर ते परत मिळायचा मार्ग तुम्हाला नाही. आयातदार म्हणून उभं राहायचं तर 'रुत' हा चिलीचा करओळख क्रमांक लागतो, आणि बाहेरच्या छोट्या व्यापाऱ्याकडे तो नसतो. म्हणून डीडीपी ही अट खरेदीदाराच्याही फारशी फायद्याची नाही. तो ती मागतो, कारण त्याला एकच आकडा हवा असतो आणि झंझट नको असते. हे त्याला समजावून सांगितलं की बरेचदा तोच मागे सरतो.

मग ओळ काय हवी? दारापर्यंत पोचवण्याची तयारी असेल तर 'एन्त्रेगादा एन लुगार, सान्तियागो', म्हणजे डीएपी. वाहतूक आणि जोखीम सान्तियागोपर्यंत तुमची, पण कस्टम्स, ड्यूटी आणि ईवा खरेदीदाराचे. खाली एक वाक्य जोडा : 'देस्पाचो दे इम्पोर्तासिओन, देरेचोस ए ईवा पोर क्वेन्ता देल कोम्प्रादोर'. हे वाक्य डीएपीमध्ये खरं तर आपोआप गृहीत असतं, पण लिहिलेलं बरं. वाद झाला तर संक्षेपापेक्षा वाक्य दाखवणं सोपं जातं. जुन्या मसुद्यांत 'देरेचोस नो पागादोस', म्हणजे डीडीयू, अजून सापडतं. ती अट इन्कोटर्म्सच्या 2010च्या आवृत्तीत काढून टाकली आणि तिची जागा डीएपीने घेतली. कुणी ती पाठवली तर अर्थ कळेल, पण तुम्ही स्वतः लिहू नका. अटीच्या शेवटी 'इन्कोटर्म्स 2020' हे वर्षासकट लिहा, नाहीतर कुठल्या आवृत्तीचे नियम लागू यावरच भांडण होतं.

आणि काही कारणाने डीडीपीच करावं लागलं, तर फाक्तुरा कोमेर्सिआल, म्हणजे कमर्शियल इन्व्हॉइस, एका ठोक आकड्याची काढू नका. 12,614 असं एकगठ्ठा लिहिलंत, तर त्यातली ड्यूटी वेगळी न दिसल्याने कस्टम्स तो सगळा आकडा मालाची किंमत धरू शकतं. मग 600ऐवजी 750च्या वर ड्यूटी, म्हणजे ड्यूटीवर ड्यूटी. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारात आयात देशाचे कर किमतीतून वगळायला मुभा आहे, पण ते कर किमतीपासून वेगळे दिसत असले तरच. म्हणून मालाची किंमत, फ्लेते, सेगुरो, देरेचोस आणि ईवा अशा पाच स्वतंत्र ओळी हव्यात.

आकडे लिहिताना चिलीत हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो. तिकडचं 10.000,00 म्हणजे आपलं 10,000.00. त्यांच्या कागदावर 9.000 दिसलं तर ते नऊ नव्हे. मेक्सिकोत उलट, आपल्यासारखंच.

मेक्सिकोवरून आठवलं. तिथे 'देरेचोस' या शब्दाला कायद्याने आणखी अरुंद अर्थ दिलाय : सरकारी सेवेची फी. आयात ड्यूटीचं नाव तिथे 'इम्पुएस्तो खेनेराल दे इम्पोर्तासिओन', आणि 'देरेचो दे त्रामिते आद्वानेरो' ही कस्टम्स प्रक्रियेची वेगळी फी, सर्वसाधारण आयातीला किमतीच्या हजारी 8. तिथे नुसतं 'देरेचोस' लिहिलं तर ड्यूटी म्हणायची की फी, असा फाटा कुणीही फोडू शकेल. मेक्सिकोच्या मसुद्यात 'इम्पुएस्तोस इ देरेचोस' असे दोन्ही शब्द घाला.

'आद्वाना' म्हणजे कस्टम्स, हा शब्द स्पॅनिशला अरबीतून मिळाला. अरबीत तो 'दीवान' आणि तिथे फारसीकडून गेलेला. आपला दिवाण, दिवाणी दावा, दिवाणखाना हे त्याचेच भाऊबंद. 'तारीफा', म्हणजे दरपत्रक, हेही अरबीच, आणि आपली तारीफ त्याच धातूची. मूळ अर्थ जाणीव करून देणं. आपण त्याची स्तुती केली, त्यांनी दर लावले.

खरेदीदाराला आज एवढंच विचारा : देस्पाचो कुठलं, एक्स्पोर्तासिओनचं की इम्पोर्तासिओनचं? आणि माल आयात होताना रुत कुणाचा लागणार? दुसऱ्या प्रश्नावर तो 'आमचाच' म्हणाला, तर मसुद्यात डीडीपी चुकून पडलंय असं समजायला हरकत नाही, आणि तो ओळ बदलायलाही तयार होईल. 'तुमचा' म्हणाला, तर त्याच्याकडूनच तिथल्या एजंटचं लेखी कोटेशन मागवा आणि मगच किमतीबद्दल बोला.