नव्वदीच्या निवेदनात कुठे थांबायचं

तुला अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या नव्वदीच्या कार्यक्रमात पडद्यावर फोटो दाखवताना करायच्या निवेदनाचा तुझा मसुदा वाचला. वाक्यं छान आहेत, पण सलग आहेत. हॉलमधले नातेवाईक गप्प बसून ऐकतील असं धरून लिहिलंयस, आणि ते काही होणार नाही. फोटो पडद्यावर आला की पहिले काही क्षण सगळे 'हा कोण, ती कोण' यातच गुंतलेले असतात. तेव्हा बोललेलं वाया जातं. आधी फोटो, मग मनात तीनपर्यंत मोजायचं, मगच तोंड उघडायचं.

फोटो आपोआप पुढे सरकण्याची सोय बंद कर आणि बटण स्वतःच्या हातात ठेव. आधीच रेकॉर्ड केलेलं निवेदन तर नकोच, कारण हशा किती वेळ चालेल ते घरी बसून ठरवता येत नाही.

आता पानशेतचा फोटो घे. तू एका दमात लिहिलंयस की १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, वाड्यात पाणी शिरलं, जुने फोटो वाहून गेले आणि आजोबांच्या लहानपणचा एकच फोटो उरला. पण 'पानशेत' म्हटल्याबरोबर सत्तरीपुढचे सगळे पुणेकर बोलायला लागतील. त्यांच्या गलक्यात तुझी खरी गोष्ट, ती वाहून गेलेल्या फोटोंची, बुडून जाईल. म्हणून एवढंच म्हण: "बारा जुलै एकसष्ट. पानशेत." आणि थांब. बोलू दे त्यांना. पूर्ण शांततेची वाट मात्र बघायची नाही, तोवर कार्यक्रम थंडावतो. आवाज निम्म्यावर आला की पुढचं वाक्य टाक. ते 'त्यामुळे' किंवा 'म्हणून' ने सुरू करू नकोस, कारण मागचा धागा कुणाच्या लक्षात नसतो. पडद्यावरच्या वस्तूपासून सुरू कर: "आजोबांच्या हातातलं फावडं बघा. तीन दिवस चिखल काढला, पण फोटोंची पेटी सापडली नाही." मग लगेच पुढचा फोटो, तो एकटा उरलेला. इथे कुणी हसणार नाही, टाळ्याही येणार नाहीत. तरी थांबायचंच.

आजोबा मध्येच बोलतील. त्यांच्याजवळ दुसरा माईक आणि एक नातवंड ठेव. त्यांनी सांगितलेलं साल तुझ्या कागदाशी जुळलं नाही, तर कागद खोटा. सगळ्यांसमोर दुरुस्ती नको.

आजींच्या शेवटच्या फोटोवरची सगळी विशेषणं मी खोडली आहेत. फक्त त्यांचं नाव घे, आणि बटण आजोबांकडे बघून दाब.

राहता राहिली वेळ. चाळीस फोटोंचं हे निवेदन घरी आठ मिनिटांत वाचून होत असेल, तर हॉलमध्ये पंधरा धर. पंगत खोळंबली की आचारी आधी चिडतो, मग मामा. गाळायचे फोटो आत्ताच ठरव. महाबळेश्वरचे चार आहेत, एक पुरे.