मुरूम किती ब्रास सांगायचा, आणि त्यासाठी एफडी मोडायची का?

प्रश्न: सर, परतूरजवळ गावी घर बांधतोय. जोतं बाहेरून ३० बाय २४ फूट, भराव ३ फूट. माझ्या हिशोबाने २१.६ ब्रास मुरूम लागतो, मिस्त्री म्हणतो दबाई धरून २८ सांगा. मुरूमवाला १,४०० रुपये ब्रासने सगळे ३९,२०० आत्ताच मागतोय, पुढे भाव वाढेल म्हणतो. हाताशी १७,००० आहेत, एफडी दोन महिन्यांनी पिकते. मोडू का? मेहुणा म्हणतो, पायाची काळी माती आत लोट, निम्मे पैसे वाचतील.

उत्तर: मोडू नका. आणि २८ ब्रासही सांगू नका.

तुम्ही माप बाहेरून धरलंत, पण मुरूम भिंतींच्या आत पडतो. ९ इंची भिंती आणि मधल्या दोन आडव्या-उभ्या भिंती वजा केल्या तर आतली जागा ७२० नाही, साधारण ६०० चौरस फूट उरते. खोलीखोलीत टेप लावून एकदा बेरीज करून घ्या. ६०० गुणिले ३ म्हणजे १,८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास. हा आकडा दाबून बसलेल्या मुरमाचा. मिस्त्रीने तुमच्या २१.६ वरच तीस टक्के चढवले, म्हणून २८ झाले.

गाडीतून येतो तो सैल मुरूम. तो किती बसतो हे खाणीवर आणि धुम्मस मारणाऱ्यावर अवलंबून असतं, म्हणून मोजूनच बघा. पहिल्या खेपा एकाच खोलीत ९ इंच जाड पसरा. भिंतीवर खडूने रेघ मारा. पाणी मारा, पण चिखल करू नका. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि तळहात ओला होऊ नये, एवढीच ओल हवी. मग धुम्मस किंवा भाड्याचं कॉम्पॅक्टर फिरवा आणि रेघेपासून किती खाली गेला ते बघा. समजा सव्वासात इंच राहिला, तर १ ब्रास सैल मुरूम बसून ०.८ ब्रास होतो.

आता इथे बहुतेकजण चुकतात. वीस टक्के बसतो म्हणून १८ वर वीस टक्के वाढवले तर २१.६ येतात, पण ते दाबल्यावर १७.३ च भरतात. म्हणून १८ ला ०.८ ने भागायचं: साडेबावीस ब्रास. (तुमचा २१.६ जवळपास बरोबर आला तो दोन चुका एकमेकींना छेदून गेल्या म्हणून.) १,४०० ने ३१,५०० रुपये. मिस्त्रीच्या आकड्यापेक्षा ७,७०० कमी.

पैसे देताना ट्रॉलीलाही टेप लावा. आतून ९ बाय साडेपाच फूट आणि पावणेदोन फूट उंच ट्रॉली म्हणजे जेमतेम ८७ घनफूट. ब्रास म्हणजे १००. तिला ‘एक ब्रास’ म्हणून १,४०० दिले, तर खरा भाव १,६०० च्या वर जातो. भाव ठरवाल तो मोजलेल्या ब्रासचाच.

आज १२ ब्रासच घ्या, १६,८०० रुपये. तेवढे तुमच्याकडे आहेत. ते थराथराने बसवा. तोवर तुमच्या मुरमाचा खरा आकडा कळेल, उरलेले दहा-साडेदहा ब्रास त्यावरून सांगा. त्यासाठी १५,००० लागले तर एफडीवर कर्ज घ्या. बँका बहुधा एफडीच्या दरापेक्षा १ ते २ टक्के जास्त लावतात आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. दोन महिन्यांचा निव्वळ भुर्दंड ५० रुपयांच्या आत. भाव ब्रासमागे शंभरने वाढला तरी हजारभरच जातील. आगाऊ दिलेल्या पैशांत न आलेल्या खेपा मोजत बसणं त्याहून महाग.

मेहुण्यांचं मात्र अजिबात ऐकू नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. फरशीखाली ती हेच करणार. जोत्याच्या आतली वरची काळी माती खरवडून काढा; तेवढी खोली भरावात वाढली तर मुरूमही तेवढा वाढवा.

आणखी एक सांगतो, कारण हे मी स्वतः भोगलंय. माझ्या घरात ठेकेदाराने तीन फूट मुरूम एका दमात ओतला, वरून पाणी सोडलं, वर धुम्मस फिरवली. १८ ची जागा १८ सैल ब्रासने भरलेली दिसली, त्याचे साडेचार ब्रास आणि थरांची मजुरी वाचली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पुढच्या खोलीची फरशी पोकळ वाजायला लागली. तुम्ही कोबा टाकण्याआधी १२ मिलीची सळई हाताने भरावात रोवून बघा. वीतभरही सहज गेली, तर त्या खोलीचं बिल देऊ नका.