थकलेल्या मेडिकलच्या मुलीनं काय वाचावं?

"मॅडम, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवसभर वॉर्ड, रात्री अभ्यास. आता पुस्तक उघडलं तरी नकोसं होतं. पेशंटचाही कंटाळा येतो आणि त्याची लाज वाटते. अवांतर वाच म्हणतात सगळे. पण काय वाचू? वेळ वाया जाणार नाही का?"

सोलापुरात शिकणाऱ्या या मुलीला मी आधी झोप, भूक आणि आवडीच्या गोष्टींबद्दल विचारलं. सुट्टीत गावी गेली की ती छान झोपायची, मैत्रिणींत रमायची. म्हणून वाचनापासून सुरुवात केली. कशातच मन लागत नाही, झोप उडालीय असं दोन आठवडे चाललं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर मी गोष्टी वाचायला सांगत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो.

घरच्यांनी तिला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चरित्र दिलं होतं. आपल्या सोलापूरचे डॉक्टर. 1938 साली चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार केले आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. वाचून ती आणखी खचली. "त्यांनी एवढं केलं, आणि मला सकाळचा राउंड झेपत नाही." थकलेल्या मुलांना थोरांची चरित्रं मी एवढ्यात देत नाही, ती याचसाठी.

मी तिला रशियन लेखक चेखवची एक छोटी गोष्ट दिली. चेखव स्वतः डॉक्टर होता. 1886 सालच्या या गोष्टीतल्या इओना नावाच्या गाडीवानाचा तरुण मुलगा नुकताच गेलाय. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगू पाहतो, पण कुणालाच ऐकायचं नसतं. शेवटी तो आपल्या घोडीला सांगतो.

तिनं पेन्सिलीनं अधोरेखित करत वाचली आणि समासात 'ग्रीफ' लिहून आणलं. म्हणजे पुन्हा तोंडी परीक्षेचीच तयारी! पेन्सिल बाजूला ठेवायला लावून मी एवढंच विचारलं, "इओनाला नेमकं काय सांगायचं होतं?" तिनं परत वाचलं. मुलगा कसा आजारी पडला, मरताना काय म्हणाला, त्याचे कपडे आणायला बाप दवाखान्यात कसा गेला. "मॅडम, ही आम्ही पेशंटची घेतो ती हिस्टरीच आहे. फक्त त्याच्या क्रमानं."

पुढे वॉर्डात फिट्स येणाऱ्या, विड्या वळणाऱ्या एक आजी होत्या. केसपेपरवर 'गोळ्या अनियमित' एवढंच होतं. ती स्टूल ओढून बसली आणि विचारलं, "आजी, गोळी घेतल्यावर दिवस कसा जातो?" आजी म्हणाल्या, गुंगी येते, हजार विड्या होत नाहीत, मजुरी बुडते. तिनं ते सरांना सांगितलं, सरांनी औषध बदललं. त्या दिवशी पेशंटचा कंटाळा आला नाही, असं ती मला आपणहून म्हणाली.

अभ्यासाचा डोंगर यानं कमी झाला नाही. झोपण्याआधी फोन लांब ठेवून एक छोटी गोष्ट, तीही छापील, एवढंच ती पाळते. परीक्षेच्या आठवड्यात तेही नाही.